वीजबिल, मीटर आणि टप्पे : घरातील युनिटचा हिशोब

वीजबिल म्हणजे दोन रीडिंगमधील वजाबाकी. तिच्यावर दर, शुल्क आणि मागची थकबाकी चढत जाते आणि शेवटी रुपयांची रक्कम उभी राहते. घरातील चर्चा मात्र बहुधा रकमेपासूनच सुरू होते. ‘मागच्या महिन्यात अठराशे होते, या महिन्यात सत्तावीसशे कसे?’ या प्रश्नाचे उत्तर रकमेत सापडत नाही. युनिट किती वाढले, किती दिवसांचे बिल आहे आणि वाढलेले युनिट कोणत्या टप्प्यात पडले, या तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. या घटकात त्याच क्रमाने जायचे आहे: आधी मीटर, मग बिल, मग टप्पे आणि शेवटी घरातील उपकरणे.

उदाहरणासाठी कामोठे घेतले आहे. सिडकोने वसवलेली ही वसाहत १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे आणि येथील वीज महावितरणची आहे. खाडीपलीकडे मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानी यांचे पुरवठा क्षेत्र आहे व त्यांचे दरपत्रक वेगळे आहे. म्हणून दादरच्या नातेवाइकांच्या बिलाशी कामोठ्याच्या बिलाची तुलना करायची झाल्यास ती युनिटची करावी, रुपयांची नव्हे. दर कोणत्याही कंपनीचे असोत, त्यांना मंजुरी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची लागते.

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात हजार वॅटचे उपकरण तासभर चालल्यावर लागणारी वीज. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला तरी एकच युनिट होते. मीटर हेच मोजतो. कामोठ्यातील बहुतेक इमारतींत मीटर घरात नसतात. तळमजल्यावर, पार्किंगलगत किंवा जिन्याखाली एका फळीवर सगळ्या सदनिकांचे मीटर ओळीने बसवलेले असतात. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर काही सेकंदांच्या अंतराने आकडे बदलत राहतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट, कमाल मागणी. आपल्या कामाचा आकडा तो, ज्याच्याशेजारी kWh अशी अक्षरे उमटतात. नुसते kW दिसले तर ती त्या काळातील कमाल मागणी असते. तो छोटासा दशांश आकडा रीडिंग म्हणून लिहून घेतल्याने पुष्कळांचा हिशोब पहिल्याच पायरीवर फसतो.

मीटर फळीवर असल्याने आणखी एक गोष्ट एकदा तरी तपासून घ्यावी. आपल्या नावाचा मीटर खरोखर आपल्याच घराची वीज मोजतो का? बांधकामाच्या वेळी किंवा नंतरच्या दुरुस्तीत दोन सदनिकांच्या वायरी अदलाबदल झाल्या, तर शेजाऱ्याचा एसी आपल्या बिलात येतो आणि दोन्ही मीटर अगदी बरोबर चालत असल्याने कोणाच्या लक्षातही येत नाही. तपासणी सोपी आहे. बिलावरचा मीटर क्रमांक मीटरवर छापलेल्या क्रमांकाशी जुळवून पाहावा. मग घरातील मेन स्विच बंद करून खाली जावे. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. तो लुकलुकत राहिला आणि शेजारचा एखादा मीटर थांबला, तर वायरी उलटसुलट असण्याचा दाट संभव आहे. दिवा नुसता लुकलुकत राहिला, तर मीटर आणि घर यांच्या मधल्या वायरीतून कोठेतरी वीज जात असावी. दोन्ही प्रसंगांत फळीला हात न लावता महावितरणला कळवावे.

आता बिल. डोक्यावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो. मध्यभागी मागील रीडिंग, चालू रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट आणि एकूण वापर अशी ओळ येते. घरगुती मीटरचा गुणक अवयव साधारणपणे एक असतो, त्यामुळे वजाबाकी हाच वापर. रीडिंग घेणाऱ्याने काढलेला मीटरचा फोटोही बिलावर छापलेला असतो. फोटो बहुधा धूसर येतो, पण त्यातला आकडा आणि ‘चालू रीडिंग’ या रकान्यातला आकडा शेजारी ठेवून पाहणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. हा फोटो तपासला जात नाही, याचे एक कारण समजुतीत आहे. ‘या महिन्यात चुकून जास्त रीडिंग पडले तरी पुढच्या महिन्यात आपोआप कमी पडेल, बरोबरी होईल’ असे मानले जाते. युनिटपुरते ते खरे आहे. पैशांपुरते खरे नाही, आणि का नाही हे टप्प्यांवरून कळते.

घरगुती वापराचे चार टप्पे आहेत: पहिले १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकात या टप्प्यांचा वीज आकार युनिटमागे अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होता. त्याखेरीज वहन आकार, म्हणजे वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा खर्च, प्रत्येक युनिटला १.१७ रुपये होता आणि तो सर्व टप्प्यांना सारखाच. पुढे १ जुलै २०२५ पासून नवे दर आले आणि दर यापुढेही बदलत राहतील. या घटकातील उदाहरणे २०२४ च्या आकड्यांवर बेतली आहेत. वाचकाने स्वतःच्या बिलामागचे चालू दर घेऊन तीच आकडेमोड करावी.

टप्प्यांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा की शंभराची रेघ ओलांडली की सगळेच युनिट महाग दराने लागतात. तसे होत नाही. पहिले शंभर युनिट पहिल्याच दराने राहतात, रेघेपलीकडचे तेवढे दुसऱ्या दराने. १०१ युनिट वापरणाऱ्याला फक्त एका युनिटचा चढा दर पडतो. काही राज्यांतील सवलत योजना मात्र वेगळ्या घडणीच्या आहेत. दिल्लीत २०० युनिटपर्यंत वीज मोफत आणि ४०० पर्यंत अनुदान असे ठरल्यावर ४०१ व्या युनिटला सगळे अनुदान जात असे. तेथे महिन्याच्या शेवटी एकेक युनिट सांभाळण्यात अर्थ होता. कामोठ्यात ९८ वरून १०२ वर गेल्याने आकाश कोसळत नाही. येथे वापर हळूहळू चढतो, तसा पुढच्या प्रत्येक युनिटचा भाव चढतो.

एक बिल सोडवून पाहू. दोन बेडरूमचे घर, चार माणसे, मे महिना. मागील रीडिंग ६,३१८ आणि चालू रीडिंग ६,६४२, म्हणून वापर ३२४ युनिट. पहिल्या १०० युनिटचे ४७१ रुपये, पुढच्या २०० चे २,०५८ रुपये, उरलेल्या २४ चे ३४९ रुपये २० पैसे. वीज आकार झाला २,८७८ रुपये २० पैसे. ३२४ युनिटचा वहन आकार ३७९ रुपये ८ पैसे. दोन्ही मिळून ३,२५७ रुपये २८ पैसे. यावर १६ टक्के वीज शुल्क, जे राज्य सरकारकडे जाते, ५२१ रुपये १६ पैसे. युनिटवर अवलंबून असलेली रक्कम अशी ३,७७८ रुपयांच्या आसपास येते. प्रत्यक्ष बिलात याशिवाय स्थिर आकार असतो. तो एकही युनिट जाळले नाही तरी लागतो. कोळशाच्या किंवा विकत घेतलेल्या विजेच्या किमतीत फरक पडला की इंधन समायोजन आकारही येतो आणि तो महिन्यागणिक बदलतो. या दोन्हींवरही १६ टक्के शुल्क बसते. म्हणून घरी केलेली बेरीज आणि छापील रक्कम यांत फरक दिसला, तर आधी या दोन ओळी पाहाव्यात आणि मग थकबाकी, व्याज व समायोजित रक्कम पाहावी. सुरक्षा ठेवीचे जादा बिल स्वतंत्र कागदावर येते. ते वापराचे बिल नव्हे.

आता चुकलेल्या रीडिंगकडे. समजा वरच्या घराचे ६,६४२ हे रीडिंग ६,८४२ असे नोंदले गेले. एका अंकाची चूक, पण वापर झाला ५२४ युनिट. पुढच्या महिन्यातही घराने ३२४ युनिटच वापरले, तरी बिलात १२४ दिसतील. दोन महिन्यांचे युनिट मिळून ६४८, म्हणजे बरोबर. पण ५२४ युनिटचा वीज आकार ५,८३८ रुपये ३६ पैसे आणि १२४ चा ७१७ रुपये ९६ पैसे, एकूण ६,५५६ रुपये ३२ पैसे. योग्य रीडिंग पडले असते, तर दोन महिन्यांचे ५,७५६ रुपये ४० पैसे झाले असते. आठ पैसे कमी आठशे रुपये, आणि शुल्क धरून सुमारे ९२८ रुपये जादा. पहिल्या महिन्यात महाग टप्प्यात ढकललेले युनिट दुसऱ्या महिन्यात स्वस्त टप्प्यातून वजा झाले, हे त्याचे कारण. म्हणून चुकीचे रीडिंग त्याच महिन्यात दुरुस्त करून घेणे आवश्यक ठरते. रीडिंगच्या तारखेला मीटरचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला तर पुरावा हाताशी राहतो. ग्राहकाने स्वतःच रीडिंग पाठवण्याची सोयही महावितरणच्या मोबाइल ॲपवर आहे.

कधी रीडिंगच मिळत नाही. मीटरच्या खोलीला कुलूप असते, पडदा कोरा असतो किंवा मीटर नादुरुस्त असतो. मग मागील काही महिन्यांच्या सरासरीने बिल येते आणि रीडिंगच्या जागी तसा शेरा असतो. पुढे प्रत्यक्ष रीडिंग पडले की मधल्या सगळ्या महिन्यांचा वापर एका बिलात येतो. अशा बिलात दोन गोष्टी पाहायच्या. टप्प्यांच्या मर्यादा महिन्यांच्या संख्येने वाढवल्या आहेत का, आणि सरासरीच्या बिलांपोटी आकारलेली रक्कम वजा झाली आहे का.

२०२० च्या जूनमध्ये महाराष्ट्रातील लक्षावधी घरांनी नेमके असेच बिल हातात घेतले. मार्चच्या अखेरीस टाळेबंदीमुळे रीडिंग आणि बिलवाटप थांबले. मधल्या महिन्यांची बिले डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी यांच्या सरासरीने निघाली. ती सरासरी हिवाळ्याची होती. प्रत्यक्षात एप्रिल आणि मे कडक उन्हाळ्याचे, आणि त्यात सारे कुटुंब दिवसभर घरात. पंखे, टीव्ही, फ्रिज, एसी यांचा खरा वापर सरासरीच्या कितीतरी पुढे गेला होता. जूनमध्ये रीडिंग घेतल्यावर तो सगळा साचलेला फरक एकदम बिलात आला. त्यातच १ एप्रिलपासून दरही बदलले होते. लोकांचा संताप स्वाभाविक होता, कारण बिलावर एकच मोठी रक्कम दिसत होती आणि तिच्यामागची विभागणी कोणी समजावून सांगितलेली नव्हती.

त्या विभागणीने किती फरक पडतो, ते २०२४ च्या दरांनी पाहू. समजा तीन महिन्यांत ६९० युनिट झाले. महिन्याला २३० याप्रमाणे विभागले, तर ३०० युनिट पहिल्या दराने आणि ३९० दुसऱ्या दराने लागतात. वीज आकार ५,४२६ रुपये १० पैसे. हेच ६९० युनिट एका महिन्याचे धरले, तर १०० पहिल्या, २०० दुसऱ्या, २०० तिसऱ्या आणि १९० चौथ्या टप्प्यात पडतात व आकार ८,६०० रुपये ६० पैशांवर जातो. तीन हजारांहून अधिक रुपयांचा हा फरक केवळ बिलाचा कालावधी बरोबर धरण्याचा आहे. म्हणून एकत्रित बिल आले की सर्वांत आधी बिलावर छापलेला कालावधी वाचावा. एक बारकावाही लक्षात घ्यावा. समान विभागणीत एखाद्या महिन्याचा मोठा वापर इतर महिन्यांत पसरतो, त्यामुळे उन्हाळ्यात वापर खूप चढला असेल तर असे बिल ग्राहकाला थोडे फायद्याचेच पडते.

भाड्याच्या घरांतही हाच हिशोब येतो. भाडेकरू महिन्याच्या मध्ये घर सोडत असेल, तर घरमालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून त्या दिवशी kWh चे रीडिंग लिहून घ्यावे. बिल दिवसांवर निम्मे-निम्मे वाटून घेण्यापेक्षा युनिटच्या प्रमाणात वाटले की वाद उरत नाही.

बिलावरून उपकरणांकडे वळताना उपकरणांचे तीन प्रकार वेगळे ओळखणे हिताचे. पंखा, दिवा, टीव्ही, राउटर ही उपकरणे चालू असेपर्यंत साधारण एकसारखी वीज घेतात. त्यांना वॅट गुणिले तास, भागिले हजार हे सूत्र थेट लागते. जुना सीलिंग फॅन पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो. नवे बीएलडीसी पंखे त्याच कामाला ३० वॅटच्या आसपास घेतात. राउटर दहाच वॅटचा, पण चोवीस तास चालू. तीस दिवसांत त्याचे सात युनिट होतात, म्हणजे रोज दहा मिनिटे चालणाऱ्या साडेसातशे वॅटच्या मिक्सरच्या दुप्पट. मोठा आवाज करणारे यंत्र जास्त वीज खाते, ही समजूत येथे उघडी पडते.

दुसरा प्रकार फ्रिज आणि एसीचा. हे मधूनच थांबतात, मधूनच चालतात किंवा वेग कमी-जास्त करतात. त्यांच्या मागच्या पट्टीवरचे वॅट चोवीस तासांनी गुणले तर आकडा अवाच्या सवा येतो. येथे ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ताऱ्यांच्या लेबलवरील युनिट वापरावेत. फ्रिजच्या लेबलवर पूर्ण वर्षाचा वापर असतो, एसीच्या लेबलवर वर्षातील १,६०० तासांचा. एसीच्या लेबलवर १,००० युनिट लिहिले असतील, तर तासाला सरासरी ०.६२५ युनिट. ही सरासरी ठरावीक परिस्थितीतील चाचणीची आहे. अठरा अंशांवर लावलेला, जाळी धुळीने भरलेला, दार उघडे-मिट होणाऱ्या खोलीतला एसी त्याहून बराच जास्त घेतो.

तिसरा प्रकार पाणी तापवणाऱ्या उपकरणांचा, आणि येथे वॅटपेक्षा पाणी मोजणे अधिक अचूक ठरते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. नळाचे पाणी २७ अंश आणि अंघोळीचे ४० अंश धरले, तर अठरा लिटरच्या बादलीला सुमारे २७० वॅट-तास, म्हणजे पाव युनिटहून थोडे जास्त. चार माणसांच्या चार बादल्यांना एक युनिटपेक्षा जरा अधिक. गिझर दोन हजार वॅटचा असो की तीन हजारांचा, पाणी तेवढेच तर वीजही जवळजवळ तेवढीच. तीन हजारांचा लवकर तापवतो, इतकेच. साठवणुकीचा गिझर दिवसभर चालू ठेवला, तर टाकीतून हवेत जाणारी उष्णता मात्र वर चढते.

आता मे महिन्याच्या त्याच घराचा अंदाज मांडू. तीन जुने पंखे, मिळून दिवसाला तीस तास: महिन्याला ६७.५ युनिट. फ्रिज, लेबलपेक्षा उन्हाळ्यासाठी थोडा जास्त धरून, २४. एसी पंचवीस रात्री, सहा-सहा तास, लेबलच्या सरासरीने ९४. गरम पाणी उन्हाळ्यात कमी, १५. वीस वॅटचे सहा दिवे पाच तास, १८. टीव्ही १०.५. सेट टॉप बॉक्स आणि राउटर चोवीस तास, १८. धुलाई यंत्र, मिक्सर, इस्त्री, पाण्याचा फिल्टर आणि चार्जर मिळून २१. बेरीज २६८. बिल ३२४ चे. छप्पन्न युनिटचा पत्ता लागत नाही.

अशा वेळी मीटरवर संशय घेण्याआधी अंदाज तपासावा, आणि संशयाची पहिली जागा दुसऱ्या प्रकारची उपकरणे. फ्रिज तपासण्याची उत्तम संधी गावी जाताना मिळते. समजा हे कुटुंब शिमग्याला पाच दिवस कोकणात गेले आणि फ्रिजखेरीज सर्व बंद ठेवून गेले. निघताना आणि परतल्यावर रीडिंग घेतले, मीटर ८ युनिटने पुढे सरकला होता. दिवसाला १.६, महिन्याला ४८. धरलेल्या २४ च्या दुप्पट. दाराचे रबर सैल झालेला किंवा मागे हवा न मिळणारा जुना फ्रिज असा वागतो. एसीसाठी एसीच्या पाच रात्री आणि बिनएसीच्या पाच रात्री यांच्या रीडिंगमधील फरक पाहिला, तो निघाला २४ युनिट. तीस तासांत २४, म्हणजे तासाला ०.८. महिन्याच्या दीडशे तासांचे १२०, अंदाजापेक्षा २६ जास्त. फ्रिजचे २४ आणि एसीचे २६ मिळवले की ५६ पैकी ५० चा हिशोब लागला. उरलेल्या सहा युनिटच्या मागे लागू नये. घरगुती अंदाज पाच-दहा टक्क्यांच्या आत आला की तो कामापुरता बरोबर असतो.

घाई असेल तर मीटरच्या लाल दिव्यावरूनही एखादे उपकरण मोजता येते. मीटरवर `imp/kWh` अशी खूण आणि तिच्यापुढे आकडा असतो. तो ३२०० असेल, तर एका युनिटला दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. एकच उपकरण चालू ठेवून मिनिटाला किती वेळा लुकलुकते ते मोजायचे आणि त्याला १८.७५ ने गुणायचे, की वॅट मिळतात. मिनिटाला आठ वेळा म्हणजे १५० वॅट. आकडा वेगळा असेल, तर ६०,००० ला त्या आकड्याने भागून गुणक काढावा. थांबत-चालत राहणाऱ्या फ्रिजला ही रीत लागू पडत नाही. त्याला किमान एका दिवसाचे रीडिंगच हवे.

युनिट वाचवण्याची किंमत काढतानाही टप्पे विसरून चालत नाही. वरच्या घराला एक युनिट सरासरी ११ रुपये ६६ पैशांना पडले, पण वाचवलेले युनिट सरासरी भावाने वाचत नाही. ते सर्वांत वरून कमी होते. तिसऱ्या टप्प्यातील युनिट वहन आकार आणि शुल्कासह १८ रुपये २४ पैशांना, दुसऱ्यातील १३ रुपये २९ पैशांना आणि पहिल्यातील ६ रुपये ८२ पैशांना पडते. तीन जुने पंखे बदलून ३० वॅटचे बसवले, तर महिन्याला ४०.५ युनिट वाचतात. त्यांतले २४ तिसऱ्या टप्प्यातून, १६.५ दुसऱ्या टप्प्यातून जातात आणि बचत सुमारे ६५७ रुपयांची होते. हेच घर डिसेंबरमध्ये १३० युनिट वापरत असेल आणि पंखे निम्मेच तास चालत असतील, तर वीस युनिट वाचून बचत २६६ रुपयांच्या आसपास राहील. म्हणून ‘हा पंखा वर्षाला अमुक रुपये वाचवतो’ अशी जाहिरात वाचल्यावर ते रुपये कोणत्या टप्प्याच्या दराने मोजले, हे विचारायला हवे. तीनशेच्या वर कधीच न जाणाऱ्या घराला आणि दर उन्हाळ्यात पाचशे ओलांडणाऱ्या घराला तोच पंखा सारखा स्वस्त पडत नाही.

स्मार्ट मीटर बसलेल्या घरांत यात वेळेचीही भर पडते. १ जुलै २०२५ पासूनच्या दरपत्रकात अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत आहे. धुलाई यंत्र किंवा इस्त्री दुपारी चालवण्याला तेथे थोडा अर्थ येतो. रात्रीच्या एसीला त्याचा उपयोग नाही. मात्र स्मार्ट मीटरमुळे रोजचा वापर पाहण्याची सोय होते आणि वरची पाच-पाच रात्रींची तुलना फळीपाशी न जाता करता येते.

हे सर्व करूनही वापर आणि बिल यांत मोठी तफावत राहिली, म्हणजे घर बंद असतानाही मीटर पळत असेल किंवा माहीत असलेल्या भाराला लुकलुक फार जास्त येत असेल, तर मीटर तपासणीची लेखी मागणी महावितरणकडे करावी. तपासणीला शुल्क लागते. तक्रारीसोबत दोन-तीन तारखांचे रीडिंग, मीटरचे फोटो आणि मेन स्विच बंद ठेवून केलेल्या चाचणीची नोंद जोडावी. नुसते ‘बिल जास्त आले’ असे लिहिलेल्या अर्जावर कार्यालयाकडून उत्तर येते ते ‘रीडिंगप्रमाणे बिल योग्य’ असे. तेथे समाधान झाले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यापुढे विद्युत लोकपालांकडे जाता येते. त्या दोन्ही ठिकाणी प्रथम मागितले जाते ते रीडिंग आणि त्याची तारीख.